मुदत टळून 33 दिवस: एका थकलेल्या इन्व्हॉइसच्या पाठपुराव्याचं प्रकरण

दोघींचा एक छोटा डिझाइन स्टुडिओ आणि त्यांची ग्राहक असलेली, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. नावं इथे देत नाही, त्यांची गरजही नाही. काम होतं उत्पादनांच्या कॅटलॉगचं: एक छपाईची फाइल आणि त्याच मजकुराची वेबसाइटसाठीची आवृत्ती. करारानुसार 40 टक्के रक्कम आगाऊ मिळायची होती आणि उरलेली 60 टक्के काम सुपूर्द केल्यावर, इन्व्हॉइसच्या तारखेपासून 30 दिवसांत.

आगाऊ रक्कम वेळेवर आली आणि कामही वेळेवर गेलं. 2 मार्चला कंपनीच्या मार्केटिंग व्यवस्थापकांनी ईमेलने कळवलं, ‘दोन्ही फाइल मिळाल्या, काम छान झालं आहे.’ 3 मार्चला स्टुडिओने इन्व्हॉइस पाठवलं. म्हणजे पैसे यायची शेवटची तारीख 2 एप्रिल. ती तारीख आली आणि गेली. 6 एप्रिलला स्टुडिओने दोन ओळींची आठवण केली. त्याच दिवशी उत्तर आलं, ‘अकाउंट्सकडे दिलंय, होऊन जाईल.’ 15 एप्रिलच्या दुसऱ्या आठवणीला उत्तरच आलं नाही. मग 28 एप्रिलला त्याच व्यवस्थापकांचा ईमेल आला, अगदी आपुलकीचा: कॅटलॉगमध्ये आणखी 20 पानं घालायची आहेत, कधी सुरू करता? आधीच्या पैशांचा त्यात उल्लेखही नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जो ईमेल लिहायचा होता, त्याचं हे प्रकरण आहे. थकलेल्या पैशांच्या पत्रव्यवहारात मला हाच टप्पा सगळ्यात नाजूक वाटतो. पहिली आठवण सोपी असते, कारण समोरचा विसरला असेल असं धरून लिहिता येतं. शेवटची नोटीसही एका अर्थी सोपीच, कारण तोवर संबंध तुटलेले असतात. मधल्या ईमेलला मात्र दोन्ही सांभाळावं लागतं. पैसे तर यायलाच हवेत, आणि त्या 20 पानांचं कामही जाऊ नये.

लिहायला बसण्याआधी हिशेब पाहणाऱ्या भागीदाराने आपल्या बाजूचे कागद तपासले. हे पाऊल लोक रागाच्या भरात गाळतात आणि मग तोंडघशी पडतात. तिने आधी बँकेचं खातं 3 मार्चपासून पुढे ओळीओळीने पाहिलं. कधी कधी रक्कम आलेली असते, पण ग्राहकाच्या नावाऐवजी त्यांच्या दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या नावाने, किंवा काही कपात होऊन वेगळ्या आकड्याची, आणि ती ओळखूच येत नाही. इथे तसं काही नव्हतं. मग इन्व्हॉइस उघडून ग्राहकाचं कागदोपत्री नाव, पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, रक्कम आणि बँकेचा तपशील पाहिला. सगळं बरोबर होतं. शेवटी करार काढला. 30 दिवस कधीपासून मोजायचे यावरच पुष्कळ वाद होतात: इन्व्हॉइसच्या तारखेपासून, इन्व्हॉइस मिळाल्यापासून, की काम मंजूर झाल्यापासून? या करारात कलम 4 मध्ये ‘इन्व्हॉइसच्या तारखेपासून’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि कलम 6 मध्ये होतं की कोणतीही रक्कम देय तारखेनंतर 30 दिवसांहून अधिक थकली, तर स्टुडिओला पुढचं काम थांबवता येईल.

हे कलम 6 ईमेलची तारीख ठरवण्यात निर्णायक ठरलं. देय तारखेनंतरचे 30 दिवस 2 मेला पूर्ण होत होते. त्याआधी काम थांबवण्याची भाषा केली असती, तर करारात नसलेला अधिकार सांगितल्यासारखं झालं असतं. 3 मेपासून तो अधिकार खरोखरच हातात आला. त्या दिवशी रविवार होता, म्हणून ईमेल मंगळवारी, 5 मेला पाठवायचं ठरलं.

मधल्या सोमवारी तिने आणखी एक काम केलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात उपयोगी काम तेच. तिने कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन केला आणि पैसे न मागता फक्त माहिती विचारली. पुरवठादारांची इन्व्हॉइसं अकाउंट्समध्ये कोण पाहतं? त्यांचा ईमेल पत्ता काय? पेमेंट कोणत्या वारी निघतात? उत्तरं सहज मिळाली. पैसे दर शुक्रवारी निघतात, आणि त्या शुक्रवारची यादी बुधवारी दुपारी बंद होते. असं वेळापत्रक अनेक कंपन्यांत असतं. यादी बंद झाल्यावर कितीही कळवळून लिहिलं, तरी समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. तो कितीही सज्जन असला, तरी पुढच्या शुक्रवारापर्यंत थांबायला सांगणार. म्हणून ‘दोन दिवसांत पैसे जमा करा’ असं लिहिणं ठाम दिसतं खरं, पण ते ऐकणं कोणालाच शक्य नसतं. अशी मुदत एकदा पाळली गेली नाही की तुमच्या पुढच्या मुदतींनाही वजन राहत नाही.

आता तिचा पहिला मसुदा. तो गेला नाही, पण त्यात बहुतेक जण जे लिहितात तेच होतं, म्हणून इथे देतो.

‘नमस्कार सर, पुन्हा त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व. आमचं पेमेंट बरेच दिवस झाले आलेलं नाही. आपण मोठी कंपनी आहात, आमच्यासारख्या छोट्या व्यवसायाला अशा उशिराचा खूप फटका बसतो. आम्ही रात्रंदिवस मेहनत करून काम वेळेवर दिलं होतं. आता मात्र आमचा नाइलाज आहे. कृपया लवकरात लवकर पेमेंट करावं, अन्यथा आम्हाला पुढील कारवाई करावी लागेल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

वाचताना हळहळ वाटते आणि तिचं म्हणणं खरंही आहे. पण हा ईमेल घेऊन अकाउंट्समधल्या माणसाने करायचं काय? कोणतं इन्व्हॉइस ते यात नाही. रक्कम नाही, देय तारीख नाही, किती उशीर झाला तेही नाही. ‘बरेच दिवस’ म्हणजे दहा की साठ? ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी? पहिल्या वाक्यात क्षमा मागितली आहे आणि शेवटी धमकी दिली आहे, त्यामुळे लिहिणारी घाबरलेली आहे की चिडलेली, हेही कळत नाही. आणि ‘पुढील कारवाई’ ही सगळ्यात दुबळी जागा. कसली कारवाई, कधी, कोणत्या आधारावर, हे न सांगितल्यामुळे वाचणारा ती मनावर घेत नाही; त्याला फक्त अपमान वाटतो. म्हणजे संबंध बिघडले आणि पैसेही जागचे हलले नाहीत.

स्वतःच्या आर्थिक ओढाताणीबद्दल लिहावं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत स्पष्ट आहे: या टप्प्यावर लिहू नये. पैसे देय आहेत ते काम झालं म्हणून आणि करारात तारीख ठरली म्हणून. आपली गरज सांगितली की हक्काच्या रकमेला मदतीचा रंग येतो, आणि मदत उद्यावर ढकलता येते. व्यवस्थापकांशी फोनवर, माणसासारखं बोलताना ही गोष्ट निघाली तर ती वेगळी बाब आहे. पण जो ईमेल चार जणांपुढे जाणार आणि नोंद म्हणून राहणार, त्यात तिला जागा नाही.

मग ईमेल कोणाला पाठवायचा? आधीच्या दोन्ही आठवणी फक्त मार्केटिंग व्यवस्थापकांना गेल्या होत्या. त्यांना स्टुडिओबद्दल आस्था होती, पण पैसे सोडणं त्यांच्या हातात नव्हतं. ‘अकाउंट्सकडे दिलंय’ हे त्यांच्या दृष्टीने खरं होतं आणि तिथे त्यांची जबाबदारी संपली होती. त्यामुळे या वेळी मुख्य प्राप्तकर्ता अकाउंट्स आणि प्रत व्यवस्थापकांना, असं ठरलं. कंपनीच्या संचालकांनाही प्रत टाकावी, असं दुसऱ्या भागीदाराचं म्हणणं होतं. ते टाळलं, आणि मला ते योग्य वाटलं. ज्या अकाउंट्स विभागाला आपल्याकडून अजून थेट एकही ईमेल गेलेला नाही, त्यांची तक्रार पहिल्याच ईमेलमध्ये त्यांच्या वरिष्ठांपुढे नेली, तर ती माणसं मदतीऐवजी बचावाच्या पवित्र्यात जातात. वरची पायरी नंतर चढता येते. आधीच चढून बसलं, तर पुढे जायला जागा राहत नाही.

शेवटी गेलेला ईमेल असा होता. रक्कम आणि ऑर्डरचा क्रमांक इथे गाळला आहे. मूळ ईमेलमध्ये दोन्ही पूर्ण लिहिलेले होते.

विषय: इन्व्हॉइस क्र. 118, देय तारीख 2 एप्रिल: पेमेंटची तारीख 7 मेपर्यंत कळवावी

नमस्कार मॅडम,

आपल्या कंपनीच्या कॅटलॉगच्या कामाचे आमचे इन्व्हॉइस क्र. 118 अद्याप चुकते झालेले नाही, त्यासंदर्भात लिहीत आहे.

इन्व्हॉइसची तारीख: 3 मार्च
देय तारीख: 2 एप्रिल (करार, कलम 4)
रक्कम: ________
आपला पर्चेस ऑर्डर क्रमांक: ________
आजपर्यंतचा उशीर: 33 दिवस

छपाईची फाइल आणि वेबसाइटची आवृत्ती अशी दोन्ही कामे आम्ही सुपूर्द केली असून ती मिळाल्याचे सरांनी 2 मार्चच्या ईमेलने कळवले आहे. तो ईमेल आणि मूळ इन्व्हॉइस सोबत जोडले आहे. याबाबत आम्ही 6 एप्रिल आणि 15 एप्रिल रोजी सरांना लिहिले होते.

हे पेमेंट कोणत्या तारखेला निघेल, ते कृपया गुरुवार, 7 मेपर्यंत कळवावे. रक्कम शुक्रवार, 15 मेच्या पेमेंटमध्ये निघावी, अशी आमची अपेक्षा आहे. इन्व्हॉइस आपल्याकडे मंजुरीसाठी किंवा एखाद्या कागदासाठी थांबले असल्यास, ते कोणाकडे आणि कशासाठी थांबले आहे तेही कळवावे. आमच्याकडून काही हवे असल्यास त्याच दिवशी पाठवू.

आमच्या बँक खात्याचा तपशील इन्व्हॉइसवर आहे तोच आहे, त्यात बदल नाही.

सरांनी 28 एप्रिलला कळवलेले वाढीव 20 पानांचे काम करायला आम्ही उत्सुक आहोत. करारातील कलम 6 प्रमाणे, इन्व्हॉइस क्र. 118 चुकते झाल्यावर ते हाती घेऊ. रक्कम वरील तारखेला निघाल्यास 18 मेपासून काम सुरू करता येईल.

दरम्यान पेमेंट निघाले असल्यास व्यवहार क्रमांक तेवढा कळवावा.

आपली,
(नाव, स्टुडिओ, फोन क्रमांक)

विषयाच्या ओळीपासून बघू. ‘पेमेंटबाबत स्मरण’ असा विषय असता, तर अकाउंट्सच्या डब्यात तशाच दिसणाऱ्या इतर ईमेलमध्ये तो हरवून गेला असता. इथे क्रमांक, देय तारीख आणि काय हवं आहे ते ईमेल उघडण्याआधीच दिसतं. शिवाय महिन्याभराने कोणी 118 हा आकडा शोधला, तर हाच ईमेल वर येतो. ‘तातडीचे’, ‘अंतिम सूचना’ असे शब्द मुद्दाम टाळले आहेत. ही अंतिम सूचना नव्हती, मग तसं म्हणायचं कशाला?

ईमेलमध्ये दोन मुदती आहेत आणि त्यांतली पहिली जास्त महत्त्वाची आहे. पैसे द्यायला कंपनीला मंजुरी लागते, यादी लागते, शुक्रवार लागतो. ‘कधी देणार’ एवढं सांगायला मात्र यातलं काहीच लागत नाही. म्हणून 7 मेपर्यंत तारीख कळवा, ही मागणी कोणालाही पाळता येण्याजोगी आहे. ती पाळली गेली, तर तुमच्या हातात त्यांनी स्वतः दिलेली तारीख येते आणि पुढचा पाठपुरावा त्या तारखेचा होतो. एवढी साधी मागणीही पाळली गेली नाही, तर उशीर कार्यालयीन नसावा हे दोन दिवसांतच कळतं आणि महिनाभर आशेवर बसावं लागत नाही. 15 मे हा दिवस त्या सोमवारच्या फोनमुळे निघाला. 8 मेचा शुक्रवार जवळ होता, पण त्याची यादी दुसऱ्याच दिवशी दुपारी बंद होणार होती.

‘मंजुरीसाठी किंवा एखाद्या कागदासाठी थांबले असल्यास’ या वाक्याची रचना विचारपूर्वक केली आहे. तिच्या मसुद्यात आधी ‘आमच्या कामाबद्दल काही तक्रार असल्यास कळवावी’ असं होतं. दिसायला हे नम्र आहे, पण काम मिळाल्यावर दोन महिन्यांनी तक्रारीचं आमंत्रण द्यायचं कारण नाही. ज्याला पैसे लांबवायचेच आहेत, त्याला आपण त्यामुळे आयतं निमित्त देतो. कामाबद्दल समाधान 2 मार्चला लेखी कळवलेलं आहे, तेवढा उल्लेख पुरे. प्रश्न प्रक्रियेबद्दल विचारायचा, आणि तोही ‘कोणाकडे, कशासाठी’ असा, म्हणजे ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढ्या उत्तराने भागत नाही.

इन्व्हॉइस जोडलं ते मूळचंच, 3 मार्चच्या तारखेचं. नव्या तारखेचं इन्व्हॉइस करून पाठवायचा मोह होतो, कारण ते ताजं दिसतं. त्याचे परिणाम वाईट होतात. एकाच कामाची दोन इन्व्हॉइसं दिसली की अकाउंट्स दोन्ही बाजूला ठेवून चौकशी सुरू करतात, आणि नवं स्वीकारलं गेलंच, तर 30 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ शकतात. 33 दिवसांचा उशीर आपणच पुसून टाकतो.

बँकेच्या तपशिलाची ओळ कोणाला अनावश्यक वाटेल. पण पुरवठादाराच्या नावाने खोटे ईमेल पाठवून ‘आमचं खातं बदललं आहे, पैसे इकडे पाठवा’ असं सांगणारी फसवणूक जगभर चालते, आणि थकलेल्या पैशांची आठवण करणारा ईमेल हे तिचं आवडतं सोंग आहे. सावध अकाउंट्स विभाग अशा ईमेलकडे संशयाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. ‘बदल नाही’ या दोन शब्दांनी ती शंका बरीचशी मिटते. याच कारणासाठी, खातं खरोखर बदललं असेल तर ते अशा ईमेलमध्ये कधीच कळवू नये. ती गोष्ट वेगळी, फोनवर खात्री करून देत करायची.

आता वाढीव 20 पानांचा परिच्छेद. ईमेलमधला ठामपणा मुख्यतः इथे आहे, आणि तो एकाही कडक शब्दाविना आला आहे. ‘पैसे दिले नाहीत तर काम करणार नाही’ आणि ‘पैसे आले की 18 मेपासून काम सुरू करू’ या दोन वाक्यांत अट एकच आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र व्यवस्थापकांना आपल्या कामाची तारीख दिसते आणि ती अकाउंट्सवर अवलंबून आहे हेही दिसतं. प्रत त्यांना गेलेली असल्यामुळे आता पैसे लवकर निघावेत ही त्यांचीही गरज झाली. कलमाचा क्रमांक दिल्यामुळे ही अट कोणाच्या मर्जीची किंवा रुसव्याची राहिली नाही. दोन्ही बाजूंनी सही केलेली गोष्ट फक्त आठवून दिली.

करारात असं कलम नसतं तर? तरीही नवं काम घ्यायचं की नाही हे स्टुडिओच्याच हातात होतं, कारण त्या 20 पानांसाठी अजून काहीच कबूल केलेलं नव्हतं. तेव्हा कलमाचा उल्लेख वगळून तेच वाक्य लिहिता आलं असतं. अर्धवट चालू असलेलं काम थांबवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. करारात आधार नसताना ते केलं, तर करार आपणच मोडल्याचा आरोप येऊ शकतो. व्याज किंवा विलंब शुल्काचंही तसंच आहे. या करारात ते नव्हतं, म्हणून ईमेलमध्येही नाही. काही ठिकाणी कायदाच उशिरावर व्याज देतो, पण आपल्याकडे काय लागू आहे हे पाहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नये. चुकीचा एक आकडा बरोबर असलेल्या सगळ्या आकड्यांवर संशय आणतो.

ईमेल मंगळवारी सकाळी गेला. बुधवारी अकाउंट्सकडून उत्तर आलं, आणि दोन महिन्यांचं कोडं चार ओळींत सुटलं. त्यांच्याकडे पैसे सोडण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागत: पर्चेस ऑर्डर, काम मिळाल्याची नोंद आणि इन्व्हॉइस. अनेक कंपन्यांमध्ये हीच पद्धत आहे. या ऑर्डरमध्ये दोन बाबी होत्या, छपाईची फाइल आणि वेबसाइटची आवृत्ती. व्यवस्थापकांनी पहिली मिळाल्याची नोंद संगणकप्रणालीत केली होती, दुसरीची केली नव्हती. इन्व्हॉइस दोन्हींचं मिळून एकच असल्यामुळे ते जुळेना आणि अडकून पडलं. व्यवस्थापकांना वाटत होतं अकाउंट्स पाहतंय, अकाउंट्सला वाटत होतं मार्केटिंगकडून नोंद येईल. कोणाच्याही मनात पैसे बुडवायचं नव्हतं, आणि कोणी काही करतही नव्हतं.

जोडलेला 2 मार्चचा ईमेल इथे कामी आला. ‘दोन्ही फाइल मिळाल्या’ हे व्यवस्थापकांचेच शब्द अकाउंट्सने त्यांना पुढे पाठवले आणि त्यांनी त्याच दुपारी नोंद पूर्ण केली. तोवर 8 मेची यादी बंद झाली होती. अकाउंट्सने लिहिलं, ‘15 मेच्या पेमेंटमध्ये घेतलं आहे.’ त्यासोबत एक पर्यायही सुचवला होता: दोन वेगळी इन्व्हॉइसं दिलीत, तर पुढच्या वेळी एक बाब अडकली तरी दुसरीचे पैसे निघतील, हवं असल्यास आत्ताचं इन्व्हॉइसही तसं विभागून द्या. आत्ताचं विभागायला तिने सौजन्याने नकार दिला. त्यासाठी जुनं इन्व्हॉइस रद्द करून नवी दोन काढावी लागली असती, आणि नोंद पूर्ण झाल्यावर त्याची गरजच उरली नव्हती. पुढच्या कामासाठी मात्र सूचना मान्य केली.

तारीख मिळाल्यावर तिने लगेच दोन ओळींचं उत्तर दिलं: ‘आभारी आहे. 15 मेच्या पेमेंटमध्ये इन्व्हॉइस क्र. 118 ची पूर्ण रक्कम निघेल, अशी नोंद घेतली आहे.’ हे उत्तर कोणी विसरू नये. त्यामुळे तोंडी किंवा घाईत लिहिलेली तारीख दोन्हीकडे सारखी नोंदली जाते, आणि ‘पूर्ण रक्कम’ असं लिहिल्यामुळे अर्धे पैसे पाठवून वेळ काढण्याला वाव राहत नाही. 15 मेच्या संध्याकाळी खात्यात काही दिसलं नाही. तिने काहीच लिहिलं नाही, कारण शुक्रवारी निघालेली रक्कम बँकांच्या व्यवहारात सोमवारपर्यंत रेंगाळू शकते. 18 मेच्या सकाळी पैसे जमा झालेले होते. तिने रक्कम इन्व्हॉइसशी ताडून पाहिली, अकाउंट्स आणि व्यवस्थापक दोघांनाही पोच दिली आणि त्याच दिवशी 20 पानांचं काम सुरू केलं. ईमेलमध्ये आपण दिलेली तारीख आपणही पाळायची असते.

उत्तर आलं नसतं तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवलेलं होतं. 7 मे उलटली की 8 मेला सकाळी अकाउंट्सला फोन, आणि फोननंतर लगेच ‘आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे’ म्हणून छोटा ईमेल. 15 मेला पैसे निघाले नाहीत तर 19 मेला पुढचं पत्र, त्यात संचालकांना प्रत. आणि त्यानंतरही काही हललं नाही, तर वकिलाच्या सल्ल्याने रीतसर नोटीस. यातलं काहीही 5 मेच्या ईमेलमध्ये लिहिलं नव्हतं, ते स्टुडिओपुरतंच होतं. पुढची पायरी ठरलेली असली की आत्ताच्या पत्रात आवाज चढवावा लागत नाही.

या ईमेलची मर्यादाही सांगायला हवी. इथे अडथळा कागदी होता, म्हणून नेमकेपणाने तो निघाला. कंपनीकडे पैसेच नसते, तर इतकाच चांगला ईमेल लिहूनही 15 मेला पैसे आले नसते. तशा वेळी उत्तरांचा सूर वेगळा असतो. तारीख विचारली की ‘प्रयत्न चालू आहेत’ येतं, दिलेली तारीख दुसऱ्यांदा पुढे जाते, आधी फोन उचलणारी माणसं बैठकीत सापडू लागतात, किंवा वर्षभर न काढलेली तक्रार अचानक पुढे येते. ही चिन्हं दिसली की नवं काम पूर्ण थांबवावं आणि हप्त्यांचा लेखी तक्ता मागावा: प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि तारीख, शिवाय एकूण देणं मान्य असल्याचं एक वाक्य. त्या वाक्याचं मोल मोठं आहे, कारण त्यानंतर ‘एवढे पैसे द्यायचेच नव्हते’ असं म्हणणं कठीण होतं.

नव्या 20 पानांच्या कामात स्टुडिओने दोन बदल केले. प्रत्येक बाबीचं इन्व्हॉइस वेगळं, आणि फाइल पाठवतानाच्या ईमेलमध्ये एक जास्तीची ओळ: ‘ही बाब मिळाल्याची नोंद आपल्या प्रणालीत झाली की कृपया कळवावे, त्यानंतर इन्व्हॉइस पाठवते.’ शिवाय देय तारखेच्या दहा दिवस आधी अकाउंट्सला एक प्रश्न जातो, इन्व्हॉइस पेमेंटसाठी मंजूर झालं आहे का एवढाच. मुदत अजून टळलेली नसते, त्यामुळे त्यात तगादा वाटत नाही. आणि नोंद राहिलेली असेल, तर शुक्रवारची यादी बंद होण्याआधी ती करून घ्यायला एक बुधवार हाताशी असतो.